२५ टक्क्यांचं गाजर

"प्रोप्रायटर ३० टक्के टॅक्स भरतो, प्रायव्हेट लिमिटेड फक्त २५. आजच कंपनी करा! गाडी, घरखर्च सगळं कंपनीच्या पैशातून. धंदा बुडाला तरी घरदार सेफ. वर्षातून एकदा सीए फॉर्म भरतो, झालं."

मामेभावाने हे मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, पुढच्या आठवड्यात सही करतोय." त्याचं शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं टर्निंग शॉप आहे. खर्च वजा जाता वर्षाला १८ लाख उरतात, आणि ते घरातच लागतात. तेव्हा त्याच्याच १८ लाखांवर बोलू. दर आणि प्राप्तिकराची कलमं २०२५-२६ सालची, कर नव्या करप्रणालीप्रमाणे.

३० टक्के लागतात ते २४ लाखांच्या वरच्या रकमेवर. पहिल्या रुपयापासून नाही. १८ लाखांवर प्रोप्रायटरचा कर सेससकट १,६६,४०० रुपये होतो, म्हणजे सव्वानऊ टक्केसुद्धा नाही. कंपनीला मात्र पहिल्या रुपयापासून सरचार्ज आणि सेस धरून २५.१६८ टक्के. ते झाले ४,५३,०२४. उरलेले पैसे लाभांश म्हणून घरी आणले की त्यावर स्वतःच्या नावावर आणखी सुमारे ८५ हजार. एकूण ५ लाख ३८ हजार! २०२० पासून लाभांशावरचा कर भागधारकाच्या गळ्यात आहे, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

एक पळवाट आहे, ती कबूल करतो. सगळे १८ लाख डायरेक्टरचा पगार म्हणून काढले तर कंपनीला नफाच उरत नाही आणि पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. कर १,५०,८०० होतो. वाचले १५,६००. एवढ्यात कंपनीचं ऑडिट आणि वर्षाची फायलिंग करून देणारा सीए मला तरी माहीत नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: घरखर्च कंपनीच्या पैशातून. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तिच्या खात्यातून मुलीची फी भरली तर ते पैसे तुमच्या नावे उचल म्हणून पडतात. वर्षअखेरीस सीए ताळेबंदात 'डायरेक्टरकडून येणे' दाखवतो आणि तिथून गाडी फसते. ठरावीक अटींत बसणाऱ्या प्रायव्हेट कंपन्या सोडल्या तर कंपनी कायद्याचं कलम १८५ डायरेक्टरला असं कर्ज द्यायला मनाई करतं. प्राप्तिकर कायदा १९६१ चं कलम २(२२)(ई) सांगतं की दहा टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला दिलेली उचल, कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतकी, लाभांशच समजायची. म्हणजे उचल परत केली तरी त्या वर्षीचा कर सुटत नाही. प्रोप्रायटर धंद्याच्या खात्यातून घरी पैसे नेतो तेव्हा त्याला यातलं काहीच लागत नाही. गाडीचं म्हणाल तर धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा घसारा प्रोप्रायटरलाही मिळतो.

"एकदा फॉर्म भरतो" हेही खोटं. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला ऑडिट सक्तीचं. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४, ६० दिवसांत वार्षिक माहितीचा एमजीटी-७ए, शिवाय प्राप्तिकराचं विवरणपत्र वेगळं. उशीर झाला की दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षं राहिले तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र.

घरदार सेफ? बँक कॅश क्रेडिट देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतेच. जीएसटी किंवा प्राप्तिकर कंपनीकडून वसूल झाला नाही तर डायरेक्टरवर येऊ शकतो; आपला निष्काळजीपणा नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचं. माल पुरवणाऱ्यांच्या उधारीपुरतं संरक्षण खरं आहे, तेवढं मान्य.

भागीदारीचं थोडक्यात. वहिनी दुकानात खरोखर काम बघत असतील आणि करारात तसं लिहिलं असेल, तर १८ लाखांतून १२ लाख ६० हजारांपर्यंत भागीदारांचा मोबदला वजा होतो. दोघांत निम्मा वाटला, दुसरं उत्पन्न नसलं, तर त्यावर दोघांनाही कर नाही. उरलेल्या ५ लाख ४० हजारांवर फर्मला ३१.२ टक्के, म्हणजे १,६८,४८०. जवळपास प्रोप्रायटरइतकाच! भांडवलावर व्याज दिलं तर थोडा आणखी उतरतो. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी; तिचा दर हाच, पण ४४एडीची अंदाजित उत्पन्नाची सोय तिला नाही, फॉर्म ११ आणि फॉर्म ८ दरवर्षी, आणि ४० लाखांवर उलाढाल गेली की ऑडिट.

कंपनी शोभते ती नफा २४ लाखांच्या बराच वर गेला आणि त्यातला मोठा हिस्सा नव्या सीएनसीसाठी आतच ठेवायचा असला तर. तिथे ३१.२ विरुद्ध २५.१६८ हा फरक खरा आहे. तोच पैसा लाभांश म्हणून बाहेर काढला, तर वरच्या स्लॅबवाल्याच्या शंभरातले साडेअठ्ठेचाळीस जातात.