अल्बमच्या पानावरचे फोटो आपोआप सुटे का होत नाहीत

"अल्बमचं अख्खं पान एकदाच स्कॅन करा. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो आपोआप वेगळा करतं, सरळ करतं आणि कडा कापून देतं, हाताने काहीच करावं लागत नाही. एखादा तिरका राहिलाच तर नंतर परत थोडा फिरवा. फोटो सुटे झाले की पानाचं मोठं स्कॅन पुसून टाका, उगाच जागा अडते."

जुने अल्बम स्कॅन करणाऱ्यांना मिळणाऱ्या या सल्ल्यातलं पान एकदाच स्कॅन करणं, एवढं मला मान्य आहे. जुने फोटो डिंकाने चिकटवलेले असतील तर ते उचकटण्यापेक्षा पान जसं आहे तसं काचेवर ठेवणंच शहाणपणाचं. त्यापुढच्या सगळ्या गोष्टींबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यांवर विश्वास ठेवून लोक फोटोंच्या कडा गमावतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

आधी "आपोआप वेगळा करतं" बघू. अशा सॉफ्टवेअरला फोटो म्हणजे काय हे कळत नसतं. ते पार्श्वभूमीचा रंग धरतं, त्याहून वेगळं दिसणारं जे जे सलग बेट सापडेल त्याला फोटो म्हणतं आणि त्या बेटाभोवती चौकट आखतं. सुटे प्रिंट काचेवर अंतर ठेवून मांडले आणि वर स्कॅनरचं पांढरं झाकण असलं, तर हे छान चालतं. फोटोशॉपमधली `File > Automate > Crop and Straighten Photos` ही आज्ञा अशाच मांडणीसाठी आहे. दोन फोटोंमध्ये निदान एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर अंतर हवं आणि पार्श्वभूमी एकसारखी हवी, असं तिच्या सूचनांमध्येच सांगितलेलं आहे.

अल्बमच्या पानावर नेमक्या याच दोन गोष्टी मिळत नाहीत. माझ्याकडच्या एका पानाचं उदाहरण घेते. काळा जाड कागद, त्यावर चार फोटो. दोघांना पांढरी किनार आहे. तिसरा बिनकिनारीचा असून रात्री काढलेला आहे. चौथ्याचा कोपरा शेजारच्या फोटोवर चढला आहे. खाली पांढऱ्या शाईने दोन ओळी लिहिलेल्या आहेत. आपोआप कापणी चालवली तेव्हा चारच फायली मिळाल्या. आकडा बरोबर दिसला म्हणून मी जवळजवळ पुढच्या पानाकडे वळले होते. उघडून पाहिलं तर एकमेकांवर चढलेले दोन फोटो एकाच फाइलमध्ये जोडून आले होते, आणि चौथी फाइल म्हणजे पांढऱ्या शाईतल्या ओळींचा तुकडा होता. रात्रीच्या फोटोची वरची बाजू काळ्या आकाशाची होती. ती काळ्या कागदात विरघळली आणि सॉफ्टवेअरने फोटो आकाशाखालून कापला. ही शेवटची चूक सगळ्यांत वाईट, कारण कापलेला फोटो स्वतंत्रपणे पाहिला तर अगदी नीटनेटका दिसतो. मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय काही गेलंय हे समजतच नाही.

पांढऱ्या पानावर पांढऱ्या किनारीचे फोटो असले की हाच प्रकार उलटा होतो. किनार पार्श्वभूमीत जमा होते आणि फक्त आतली प्रतिमा उरते. कित्येक जुन्या प्रिंटच्या किनारीवर महिना आणि वर्ष छापलेलं असे. फोटो कधीचा हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो, आणि तोच कापला जातो.

म्हणून आपोआप कापणी चालवायला माझी हरकत नाही, पण त्यानंतर पान समोर ठेवून फोटो मोजा आणि प्रत्येक फोटोच्या चारही कडा पानावरच्या कडांशी ताडून पाहा. एखादाच चुकला असेल तर फोटोशॉपमध्ये त्याच्याभोवती थोड्या पार्श्वभूमीसकट चौकट आखा आणि `Alt` दाबून धरून तीच आज्ञा द्या. मग तेवढाच फोटो वेगळा होतो. एकमेकांवर चढलेले फोटो मात्र हातानेच कापावे लागतात. खालच्या फोटोचा झाकलेला कोपरा तसाच राहू द्या, तो कापून चौकोन पूर्ण करण्याच्या नादात चेहरे जातात.

आता "सरळ करतं". कशाच्या मानाने सरळ, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जुन्या प्रिंटमध्ये तीन वेगवेगळ्या दिशा असू शकतात: कागदाची कड, किनारीच्या आतल्या प्रतिमेची कड, आणि फोटोतली जमीन किंवा भिंत. प्रिंट काढताना कागद चौकटीत किंचित तिरका बसला की किनार एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होते. कातरीने कापलेल्या फोटोंचे कोपरे काटकोनात असतीलच असंही नाही. काहींची कड मुद्दाम करवती नक्षीची असते. तिथे सॉफ्टवेअर बेटाभोवती बसणारा सगळ्यांत लहान चौकोन शोधतं आणि एका फाटलेल्या किंवा पुढे आलेल्या टोकापायी कोन चुकवतं. फोटो धरून ठेवायला कागदी कोपरे लावले असतील तर चौकोनाची टोकंच झाकलेली असतात.

जतन करायच्या प्रतीसाठी मी कागदाची कड प्रमाण मानते. जमीन तिरकी असेल तर ती फोटो काढणाऱ्याच्या हातून झालेली आहे, ती तशीच राहावी. ती सरळ करायचीच असेल तर वेगळी प्रत काढा.

कोन मोजणं अवघड नाही. त्या पानावरचा पांढऱ्या किनारीचा एक आडवा फोटो ३.५ इंच रुंद आणि २.५ इंच उंच होता. ६०० डीपीआयला स्कॅन केल्यामुळे तो साधारण २१०० बाय १५०० पिक्सेल भरला. वरचा डावा कोपरा डावीकडून ४१२ आणि वरून ५३० पिक्सेलवर होता, वरचा उजवा २५११ आणि ५६७ वर. म्हणजे २०९९ पिक्सेल आडवं जाताना कड ३७ पिक्सेल खाली उतरली. ३७ भागिले २०९९, आणि त्या संख्येचा व्यस्त टॅन घेतला की १.०१ अंश येतो. मग डावी कडही तशीच मोजली. १५०० पिक्सेल खाली जाताना ती २६ पिक्सेल डावीकडे सरकली होती, म्हणजे ०.९९ अंश. दोन्ही कोन जुळले, तेव्हा फोटो खरोखर काटकोनी आहे आणि फक्त फिरलेला आहे. दोन कोनांत अर्ध्या अंशाचा फरक आला असता तर कागद वाकडा कापलेला आहे किंवा पान शिवणीजवळ काचेवरून उचललं गेलंय असं समजायचं. पान उचललं गेलं असेल तर कोन बदलून काही होत नाही, पान नीट दाबून पुन्हा स्कॅन करावं लागतं.

फोटो घड्याळाच्या दिशेने एक अंश कलला होता, म्हणून उलट फिरवायचा. इमेजमॅजिक या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये आधी चारही बाजूंना भरपूर जागा ठेवून ढोबळ तुकडा काढला आणि त्याच आज्ञेत तो फिरवला:

```
magick pan.tif -crop 2260x1690+330+450 +repage -distort SRT -1.0 foto2.tif
```

फोटो सरळ होण्याऐवजी कल दुप्पट झाला तर उणे चिन्ह चुकलं आहे. अंतिम कापणी यानंतर, फोटो मोठा करून डोळ्यांनी पाहत.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घट्ट कापून मग फिरवला तर कोपरे गेलेलेच असतात. तिरक्या फोटोच्या आत बसेल एवढा सरळ चौकोन कापला तर काय होतं ते याच मापावर करून पाहा. कल ३ अंशांचा असेल तर फोटोचा सुमारे दहावा भाग जातो, आणि तो कडेचा असतो, जिथे गटाच्या टोकाला उभी राहिलेली माणसं असतात.

"परत थोडा फिरवा" या सल्ल्याने तर मला खरंच वाईट वाटतं. ९० अंशांत फिरवताना पिक्सेल फक्त जागा बदलतात. एक अंश फिरवताना मात्र प्रत्येक नवा पिक्सेल शेजारच्या जुन्या पिक्सेलांची सरासरी काढून बनवावा लागतो. एकदा केलं तर ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये ते जाणवत नाही. पण आधी सॉफ्टवेअरने फिरवलं, मग तुम्ही अर्धा अंश, मग पुन्हा पाव अंश, असं केलं की दर वेळी आधीच मऊ झालेल्या प्रतिमेची सरासरी निघते. डोळ्यांच्या पापण्या आणि कापडाचं विणकाम आधी पुसट होतं. मधल्या प्रती जेपेगमध्ये साठवत गेलात तर दर साठवणीला ठोकळ्यांचे डागही चढतात. कोन चुकला तर सुधारलेल्या फाइलला हात लावू नका. पानाच्या मूळ टिफ फाइलकडे परत जा, आकडा बदला आणि पुन्हा एकदाच फिरवा.

किती अचूकता पुरेशी? २१०० पिक्सेलच्या कडेवर ०.३ अंशाची चूक ११ पिक्सेलांची पाचर सोडते. ती काळ्या कागदाची बारीक तिरकी पट्टी म्हणून लगेच दिसते. ०.१ अंशाची चूक चारेक पिक्सेलांची असते. तिथपर्यंत पोहोचलं की मी थांबते आणि उरलेली पट्टी तशीच ठेवते. फोटोचा भाग कापण्यापेक्षा कागदाची काळी रेघ राहिलेली बरी.

पानाचं स्कॅन पुसण्याबद्दल आता वेगळं सांगायला नको, कारण वरची प्रत्येक दुरुस्ती त्याच फाइलवरून झाली. शिवाय खाली लिहिलेल्या ओळी, कुठला फोटो कुठल्या शेजारी लावला होता, हे सुट्या फायलींमध्ये कुठेच उरत नाही. मी पानाला क्रमांक देते आणि सुट्या फोटोंच्या नावात तोच क्रमांक पुढे ठेवते: `pan014.tif`, मग `pan014-1.tif`, `pan014-2.tif`, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे.

स्कॅन करतानाच रंगाची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. ती पूर्ण पानाची एकच सरासरी धरते. काळा कागद जास्त असला की फोटो फिकट पडतात, आणि पिवळट पडलेल्या एका फोटोसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या चांगल्या फोटोला निळसर करते. रंग सुधारायचे ते फोटो सुटे झाल्यावर, एकेकाचे.