व्हिसाच्या पत्रात पगार मोठाच सांगा!

युरोपची तिकिटं काढून झाली, आता फक्त ऑफिसचं पत्र राहिलंय ना? मग घाई कशाला? व्हिसा सेंटरच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसल्याबसल्या एचआरला मेसेज टाका, ‘एक लेटर पाठवा ना, अर्जंट.’ समोरचा माणूस गेल्या वर्षी कुणाला तरी दिलेलं पत्र उघडेल, त्यात तुमचं नाव घालेल आणि पाठवून देईल.

हुद्दा काय लिहायचा, हे मात्र तुम्ही सांगा. सॅलरी स्लिपवर ‘सीनियर असोसिएट’ छापलेलं असलं म्हणून काय झालं, लग्नाच्या बायोडेटात ‘मॅनेजर’ होतंच की. तेच चालवा.

खरी मजा पगारात आहे. तुमचं पॅकेज अठरा लाखांचं, म्हणजे भागिले बारा, महिना 1,50,000. पत्रात ‘मासिक वेतन’ म्हणून हाच आकडा घाला. त्यात महिन्याला 15,000 व्हेरिएबलचे आहेत, जे मिळाले तर वर्षाअखेरीस मिळतात; कंपनीच्या वाट्याचा पीएफ आहे, ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. हे सगळं वजा जाऊन स्लिपवर ग्रॉस उरतो सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्सचे 200 आणि टीडीएस कापून खात्यात येतात एक लाख नऊ हजार. आता अर्जासोबत पत्र, तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट एकत्र लावा. एकाच माणसाचे तीन पगार बघून व्हिसा अधिकाऱ्याचीही करमणूक होऊ द्या. ‘वार्षिक सीटीसी इतका, मासिक ग्रॉस इतका’ असं स्लिपवरून उतरवून वेगवेगळं लिहून घेणं फार रुक्ष वाटतं.

नोकरीचा काळही सढळ हाताने मोजा. पहिली दोन वर्षं तुम्ही त्याच इमारतीत, त्याच खुर्चीवर, पण कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर होता. तीही धरा. रुजू झाल्याची तारीख ऑफर लेटरवर वेगळी निघाली, तर निघू दे.

रजेचं तर बोलूच नका. पोर्टलवर 11 ते 22 मे मंजूर आहे, विमान 9 तारखेच्या रात्रीचं, परत येणार 24 ला. मधले शनिवार-रविवार सुट्टीचेच, हे आपल्याला ठाऊक असतं. परदेशी वकिलातीतल्या माणसाने आपल्या ऑफिसचं कॅलेंडर पाठ करायला हवं. पत्रात ‘9 ते 24 मे प्रवासाला कंपनीची हरकत नाही, 25 ला कामावर रुजू होतील’ हे एक वाक्य घालायला सांगितलं, तर एचआर उगाच डोळे वटारेल.

आणि पत्राखाली सहीच्या जागी ‘टीम एचआर’ पुरे. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का असला लवाजमा नको. फोन नंबर रिसेप्शनचा द्या. चौकशीला फोन आलाच, तर वॉचमनकाका प्रामाणिकपणे सांगतील, ‘साहेब, इथं कुणी नसतं, सगळे घरून काम करतात.’

पुढे नकाराचा छापील कागद येईल. दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, अशा अर्थाच्या रकान्यात खूण असेल. 90 युरो फी परत मिळत नाही. रजा मात्र पोर्टलवर तशीच हिरवी दिसतेय, 11 ते 22. महाबळेश्वरला रूम मिळतेय का बघा.