ओठ मागे, आवाज पुढे
मुलाखत द्यायला आलेल्या ज्येष्ठ माणसाला "आधी एक टाळी वाजवा" असं सांगणं फार नाजूक काम आहे. "कशासाठी? मी तर अजून काही बोललोच नाही," असं उत्तर मिळतं. मग समजावून सांगावं लागतं की चित्र कॅमेऱ्यात जातंय आणि चांगला आवाज वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. टाळीचा आवाज वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात, सुळक्यासारखा वर येतो. हात एकमेकांना भिडले ती फ्रेम शोधायची आणि सुळका तिच्याखाली आणून ठेवायचा, की दोन्ही जुळले. एवढं ऐकून आमच्या पाहुण्यांनी टाळी वाजवली खरी, पण देवघरात कुणी झोपलं असावं अशी.

शिवाय हात नेमके भिडलेली फ्रेम बहुतेक वेळा नसतेच. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. शटर १/५० सेकंदावर असेल तर त्यातला अर्धा वेळ कॅमेरा डोळे मिटून बसलेला असतो, आणि टाळी हमखास तेव्हाच वाजते. एका फ्रेममध्ये हातांत बोटभर अंतर, पुढच्या फ्रेममध्ये हात परत दूर जायला निघालेले. सुळका या दोहोंच्या मध्ये ठेवून मोकळं व्हायचं.

तेवढेही कष्ट नकोत म्हणून मी सॉफ्टवेअरला वेव्हफॉर्म जुळवायला सांगितलं. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकने टिपलेला घुमणारा आवाज आणि रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज यांचे चढउतार ताडून त्याने क्षणात फाइल जागेवर बसवली. पहिली पाच मिनिटं पाहिली. चोख! मी खुशीत चहा ठेवायला उठलो.

पाहुण्यांच्या तासाभराच्या बोलण्याचा शेवट "प्रणाम" या शब्दाने होतो. प म्हणायला ओठ मिटावेच लागतात. पवर्ग ओष्ठ्य असल्याचा शाळेनंतर झालेला हा माझा पहिला उपयोग. आणि इथे प ऐकू येऊन गेला तरी ओठ उघडेच! फ्रेमफ्रेमने मोजलं. आवाज तीन फ्रेम पुढे, म्हणजे १२० मिलिसेकंद. आवाज मागे राहिला तर माणूस बराच वेळ चालवून घेतो, कारण लांबचा आवाज उशिराच पोचतो याची कानाला सवय असते. ओठांच्या आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो.

कॅमेरा आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं आपापली. दोघंही ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने टिपण्यावर, लावलेली असली तरी दोघांचा सेकंद तंतोतंत सारखा नसतो. इथे फरक दर लाख सेकंदांत सव्वातीन-साडेतीन सेकंदांचा, म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला आपण याबद्दल शाबासकी दिली असती. पण टाळी काय किंवा वेव्हफॉर्म काय, दोन फाइली एका ठिकाणी जुळवून देतात; त्या पुढे बरोबरीने चालतील याची हमी कुणी देत नाही. काही सॉफ्टवेअर ही सरकण दुरुस्त करतात. माझं त्यांतलं नाही.

वाटलं, आवाजाचा वेग किंचित कमी करू. हवा होता ०.००३३ टक्के. वेगाच्या चौकटीत दशांशानंतर दोनच घरं! किमान बदल ०.०१ टक्के, म्हणजे तासाला नऊ फ्रेम. तीन फ्रेम पुढे असलेला आवाज सहा फ्रेम मागे गेला असता.

मग कात्री काढली. तीन फ्रेम तासात, म्हणजे दर वीस मिनिटांना एक. दहाव्या, तिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला आवाज कापायचा आणि तिथून पुढचा सगळा एकेक फ्रेम मागे सरकवायचा. अशाने चूक कुठेही अर्ध्या फ्रेमच्या वर जात नाही, आणि अर्धी फ्रेम कुणाच्या बापाला कळत नाही. जुळलं की नाही ते तपासायला पाहुण्यांचा आवडता शब्द होताच: परंपरा. मिनिटाला एकदा तरी येतो आणि प्रत्येक वेळी ओठ घसघशीत मिटतात.

कापलेल्या जागी ४० मिलिसेकंदांची फट पडते. ती रिकामी ठेवली तर खोलीची हवा एकदम गेल्यासारखं वाटतं, म्हणून तिथे त्याच खोलीतली शांतता भरायची. पण त्यासाठी आणि कापण्यासाठीही माणूस मध्ये थांबायला हवा! दहाव्या मिनिटाच्या आसपास ते श्वास घ्यायला थांबले. तिसाव्याला पाणी प्यायले, देव त्यांचं भलं करो. पन्नासाव्याच्या पुढेमागे मात्र परंपरेचा असा धबधबा की वाक्याला वाक्य चिकटलेलं. शेवटी एक खोकला सापडला. त्याच्या अगदी अलीकडे कापलं. खोकल्याच्या दणक्यात फट कुणाला ऐकू येणार?

व्हिडिओ पाहून त्यांचा निरोप आला: "छान झालंय. फक्त तो खोकला तेवढा काढा."