इसबगोल दुप्पट करण्याआधी

"बद्धकोष्ठतेची सगळी औषधं सारखीच, नुसती नावं वेगळी. रोज रात्री इसबगोल नाहीतर सोनामुखीचं चूर्ण घ्या, नैसर्गिक आहे, अपाय शून्य. पोट साफ झालं नाही तर मात्रा दुप्पट करा. मेडिकलच्या गोळ्यांनी आतडं कायमचं आळशी होतं." हा मेसेज आमच्याकडे लातूर-बीडकडच्या जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरून गेलाय. पेशंटचे नातेवाईक मोबाईल पुढे करून तोच दाखवतात.

"सगळी औषधं सारखीच"

ही औषधं चार वेगवेगळ्या तऱ्हांनी काम करतात. इसबगोलची भुशी पाणी शोषून फुगते, शौचाचा आकार वाढवते आणि त्या आकारामुळे आतड्याला ढकलायचा इशारा मिळतो. परिणाम दिसायला 12 तासांपासून तीन दिवस लागतात. लॅक्टुलोजचं सिरप आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर (चिठ्ठीवर पेग लिहितात ती) आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे खडा मऊ होतो. यांनाही एक ते तीन दिवस द्यावे लागतात. बिसाकोडिलची गोळी आणि सोनामुखी आतड्याच्या स्नायूंनाच हलवतात, रात्री घेतली की 6 ते 12 तासांत काम होतं. चौथा गट शौच मऊ करणाऱ्या डॉक्युसेटचा.

म्हणून आधी बघायचं ते हे की अडलंय कुठे. शौच कमी आणि कोरडी होते, की आतडं हालतच नाही, की खाली खडा बसलाय? उत्तर बदललं की औषध बदलतं.

"साफ झालं नाही तर इसबगोल दुप्पट करा"

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. ते कसं अंगाशी येतं, हे माझ्या एका पेशंटवरून सांगतो.

औसा तालुक्यातले एक आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू. भर उन्हाळा, आणि वॉकर घेऊन लघवीला उठायचं म्हणजे जीव जायचा, म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलेलं. चार दिवस शौचाला झाली नाही. घरच्यांनी रात्री एक चमचा इसबगोल अर्ध्या कपात कालवून दिलं, मग मेसेजप्रमाणे दोन चमचे. पाणी तेवढंच. सातव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, आधी होतच नव्हतं, आता पातळ सुटलंय. धोतर खराब होतंय. जुलाब थांबायची गोळी दिली कालपासून."

पोट फुगून ताठ झालं होतं. गुदद्वारातून बोट घालून तपासलं तर आत लिंबाएवढा टणक गोळा. वरचं पातळ पाणी त्या गोळ्याच्या कडेने झिरपत होतं, घरच्यांना ते जुलाब वाटले. थांबवायच्या गोळीने उरलीसुरली हालचालही मंदावली.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही औषधं आतड्याची चाल मंद करतात. शौच आत जास्त वेळ पडून राहते, तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती आणखी वाळते. अशा आतड्यात भुशी टाकली तर माल वाढतो, पण पुढे ढकलणारं कोणी नसतं. त्यात पाणी कमी पडलं की भुशीचा चिकट लगदा जागीच घट्ट बसतो.

आजोबांना सुन्न करणारी जेली लावून तो गोळा बोटाने हळूहळू फोडून काढला, मग एनिमा दिला. त्यानंतर पेग 17 ग्रॅम, एक ग्लास पाण्यात, दिवसातून दोनदा. खालची वाट मोकळी झाल्यावर रात्री बिसाकोडिल 5 मिलिग्रॅम सुरू केली. वाट बंद असताना ती दिली असती तर नुसत्या कळा आल्या असत्या. इसबगोल आणि जुलाब थांबायची गोळी दोन्ही बंद. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी बोलून ट्रॅमाडॉलच्या जागी पॅरासिटामॉल आणलं. दोन दिवसांत पोट उतरलं. खरं तर ट्रॅमाडॉल चालू झालं त्याच दिवशी पेग किंवा बिसाकोडिल लिहून दिली असती, तर यातलं बहुतेक टळलं असतं.

इसबगोल वाईट नाही. चालत्याफिरत्या माणसाला, जेवणात भाजी-फळं कमी असून खडेखडे होत असतील तर, किंवा मूळव्याधीत कुंथणं टाळायचं असेल तर, मी स्वतः तेच आधी सुचवतो. एक चमचा भरून ग्लासभर पाण्यात, कालवल्या-कालवल्या प्यायचं, वरून आणखी एक ग्लास. लगेच आडवं व्हायचं नाही. मात्रा वाढवायची तर तीन-चार दिवस थांबून, पाणी वाढवून. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर भुशी त्यांचं शोषण कमी करू शकते. ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितलंय, जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला इसबगोल देऊ नका.

"सोनामुखी नैसर्गिक, गोळ्यांनी आतडं आळशी"

सोनामुखी आणि बिसाकोडिल एकाच गटातल्या आहेत, दोघींचं काम आतडं आवळून ढकलण्याचं. बाजारातल्या बऱ्याच पोटसाफ चूर्णांत मुख्य काम सोनामुखीचंच असतं. फरक इतकाच की गोळीत 5 मिलिग्रॅम म्हणजे 5 मिलिग्रॅम, आणि चूर्णाच्या चमच्यात किती गेलं ते कोणालाच ठाऊक नसतं. जास्त झालं की कळा येतात, पाणी आणि पोटॅशियम निघून जातं, आणि पोटॅशियम घटलं की आतडं आणखी मंदावतं. सूज कमी करायची लघवीची गोळी किंवा हृदयाची डिगॉक्सिन चालू असलेल्यांना हे भारी पडू शकतं.

आतडं कायमचं आळशी होतं याला योग्य मात्रेत घेतलेल्या गोळ्यांबाबत भक्कम पुरावा नाही. सोनामुखी बरेच महिने घेतली तर आतड्याचं अस्तर काळपट होतं, पण तो रंग निरुपद्रवी असतो आणि औषध बंद केल्यावर ओसरतो. आपणहून मात्र ही औषधं आठवडाभराच्या पुढे चालवू नका. रोजची गरज पडायला लागली तर कारण शोधायला हवं. आणि बिसाकोडिल रात्रीच्या दुधासोबत घेऊ नका, चावू नका. दुधाने तिचं वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि मळमळून पोटात मुरडा येतो.

"अपाय शून्य"

तसं एकही औषध या चार गटांत नाही. लॅक्टुलोजने पोट फुगतं, वास येतो. पेगने हा त्रास कमी होतो, म्हणून रोज लागणार असेल तर मी पेगकडे वळतो. मिल्क ऑफ मॅग्नेशियाही आतड्यात पाणी ओढतं, पण किडनी कमजोर असलेल्याच्या रक्तात त्यातलं मॅग्नेशियम साठतं. लिक्विड पॅराफिन झोपून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिलं आणि थेंब फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो.

डॉक्युसेटचं वेगळं आहे: अपाय फारसा नाही, उपयोगही फारसा नाही. 2013 मध्ये कॅनडात, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसमध्ये, 74 रुग्णांवर झालेल्या चाचणीत सोनामुखीसोबत डॉक्युसेट देऊन काही जास्तीचा फायदा दिसला नाही. बाळंतपणानंतर टाके असताना कुंथू नये म्हणून ती लिहून देतात, पण आधीच वाळलेल्या खड्यावर तिच्या भरवशावर बसू नये.

पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी चारांपैकी काहीच द्यायचं नाही. आतड्याला अडथळा असू शकतो, त्याच रात्री दवाखाना गाठा. शौचात रक्त, वजन घटणं किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल तर आधी तपासणी करून घ्या.