पंधरवड्याच्या बेरजेत ओव्हरटाइम गिळतात तो असा

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनच्या वेअरहाउसमध्ये काम करणाऱ्या भाच्याने आज पे-स्टब पाठवला आणि डोकंच फिरलं. करारात ताशी २० डॉलर. पंधरवड्याचे ८८ तास, १७६० डॉलर. गुणाकार बिनचूक! ओव्हरटाइमची ओळच नाही. सुपरवायझर म्हणे, "आठवड्याला ४४, दोन आठवड्यांचे ८८, मग जादा कुठे?"

अरे, ऑन्टॅरिओत ओव्हरटाइम आठवड्यावर मोजतात, पगार कितीही दिवसांनी द्या. पहिल्या आठवड्यात पोराने ५२ तास केलेत, दुसऱ्यात ३६. म्हणजे ४४ तासांचे ८८०, वरच्या ८ तासांचे दीडपट दराने, म्हणजे ३० डॉलरने, २४०, आणि दुसऱ्या आठवड्याचे ७२०. एकूण १८४०. ऐंशी डॉलर गेले. पे-स्टबवर फक्त पंधरवड्याची बेरीज असते, म्हणून हे दिसतच नाही. टाइमशीट काढून आठवडे वेगळे करा. आठवडा कंपनीने ठरवलेल्या वारी सुरू होतो. ठरवलेला नसेल तर रविवार ते शनिवार.

बरं, दोन आठवड्यांची सरासरी काढायची मुभा कायद्यात आहे, मान्य. पण त्यासाठी लेखी करार लागतो. रुजू होताना सह्या घेतलेल्या गठ्ठ्यात तो कागद आहे का, हे आधी तपासा. भाच्याच्या गठ्ठ्यात नाही.

आणि ते जेवणाचं! सिस्टीम रोज अर्धा तास आपोआप कापते. सुट्टी खरंच मिळाली असेल तर कापा, ती बिनपगारी असू शकते. पण पहिल्या आठवड्यात तीन दिवस ट्रक रिकामा करायचा म्हणून पोराला जेवायलाच सोडलं नाही. ते काम झालं. ते दीड तास ४४ च्या वरचे, म्हणून ३० डॉलरच्या दराने आणखी ४५. बाकी एकूण १२५.

रागाच्या भरात एक सांगायचं राहिलं, नाहीतर उगाच भांडाल. एखाद्या दिवशी १२ तास झाले म्हणून तेवढ्यावर तिथे ओव्हरटाइम होत नाही. करारात तसं लिहिलं असेल तरच. आणि आपली आयटीतली बरीचशी मंडळी या नियमातून वगळलेली आहेत, त्यांनी हे गणित मांडू नये.

पगार काढणारा माणूस मुद्दाम करतो असंही नाही. कित्येकदा सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरटाइमची मर्यादा आठवड्याऐवजी पंधरवड्याला लावून ठेवलेली असते. म्हणून आधी ईमेल, तोंडी नको: तारखा, पंचच्या वेळा, आठवड्याची बेरीज आणि मागणीचा आकडा. पंचचे फोटो स्वतःकडे ठेवा, कारण नोकरी सुटली की लॉगिन बंद होतं. उत्तर आलं नाही तर प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडे दावा करता येतो, मात्र पगार थकल्यापासून दोन वर्षांच्या आत.