जुन्या गाडीचा भाव पाडताना

भाच्याने विक्रेत्याला पाठवायचा मेसेज मला आधी दाखवला, बरं झालं. "काका, गाडीत खूप प्रॉब्लेम आहेत, तीनला द्या." यावर कोणीही "मग घेऊ नका" एवढंच म्हणेल.

गाडी 2017 ची, पेट्रोल, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी काकांची. मागणी 3,60,000. बंपरवरचे ओरखडे आणि गाडीचं वय हे जाहिरातीतच दिसत होतं, म्हणजे त्यांनी ते भावात धरलेलंच असणार. ते पुन्हा उगाळून काकांना फक्त राग येतो. तपासणीत नव्याने जे सापडलं, तेवढंच लिहायचं आणि समोर गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च.

शेवटी मेसेज असा गेला:

"नमस्कार काका. गाडी आवडली, नीट ठेवली आहे. मेकॅनिकला तीन गोष्टी आढळल्या. टायरची नक्षी शाबूत आहे, पण चारही टायरवर 3117 आहे, म्हणजे 2017 च्या 31व्या आठवड्यातले. बाजूचं रबर तडकलंय. चार टायर 16,000. चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो, वेग तसा वाढत नाही. क्लच घसरतोय, सेट मजुरीसकट 9,000. खड्ड्यात पुढून खटखट येते, लोअर आर्मचे बुश गेलेत, 5,000. एकूण 30,000. म्हणून 3,30,000 देऊ शकतो. मेकॅनिकशी बोलायचं असेल तर फोन लावून देतो."

क्लचचा मुद्दा काकांना बहुधा ठाऊकच नसावा. हळूहळू घसरणारा क्लच रोज चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडतो. म्हणून लक्षण लिहिलं, त्यांना स्वतः चालवून बघता यावं.

एक गोष्ट मात्र या यादीत कधीच घालू नये, ती म्हणजे पाणी. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा बडोद्यात किती गाड्या बुडाल्या, आपण पाहिलंय. त्यामुळे भाव वगैरे नंतर, आधी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहिला. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, वरवरच्या धुलाईत ती सहसा निघत नाही. सीटचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालचे वायरचे जोड, सगळं पाहिलं. ही गाडी कोरडी निघाली. बुडालेली असती तर मी आकडाच लिहिला नसता, पन्नास हजार कमी केले असते तरी! वायरिंग आतून महिनोन्‌महिने गंजत राहतं, त्याचा खर्च कुठलाही गॅरेजवाला आज सांगू शकत नाही.

काकांचं उत्तर आलं: क्लच आणि बुश मान्य, टायरचे अर्धे पैसे, "नक्षी आहे ना अजून!" म्हणजे 3,38,000. भाच्याला अजून ताणायचं होतं, मी नको म्हटलं.

आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय. तो भावात धरला नाही, अट म्हणून वेगळा लिहिला: बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्यावर उरलेली रक्कम, तोवर फक्त टोकन. काका म्हणाले, कर्ज कधीच फिटलंय, कागद शोधतो.