रेफरन्स आधी विचारावा की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "जुन्या साहेबांना 'रेफरन्स द्याल का' म्हणून आधी व्हॉट्सॲपवर विचारत बसायचं, हे नसते चोचले आहेत. काम चांगलं केलं असेल तर साहेब नाही म्हणणारच नाहीत, सरळ फॉर्ममध्ये नाव टाकावं. तसंही हल्ली उमेदवाराची पडताळणी करणारी एजन्सी परस्पर एचआरकडूनच सगळं घेते. लेखकाने स्वतः कधी नोकरी बदलली आहे का, अशी शंका येते."

आपल्या मताविषयी माझी तक्रार नाही. 'चोचले' हा शब्द मात्र आपण टोपणनावाच्या आडून वापरला आहे, समोर बसून तो वापरला असता असे वाटत नाही. लेखातला नमुना संदेश लांबलचक होता, चार ओळींत भागले असते, एवढे मी मान्य करतो.

"साहेब नाही म्हणणारच नाहीत" या वाक्याकडे वळतो, कारण आपला सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे उत्पादन नियोजन विभाग सांभाळला आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मंडळींसाठी आलेले असे फोन स्वतः घेतले. त्यांतला एक सांगतो. भर दुपारी असेंब्ली लाइन बंद पडलेली, भोवती माणसे गोळा झालेली, आणि अनोळखी क्रमांकावरून एका मुलीने विचारले, "अमुक मॅडम आपल्याकडे सीनियर प्लॅनर होत्या का?" ते आडनाव मी कधी ऐकलेले नव्हते. "अशा कोणी माझ्या टीममध्ये नव्हत्या," असे सांगून मी फोन ठेवला. संध्याकाळी उलगडा झाला. त्या बाई माझ्या विभागातल्या सर्वांत नेटक्या कामाच्या; लग्नानंतर आडनाव बदललेले, आणि आमच्याकडे त्यांचे पद नुसते 'प्लॅनर' होते, 'सीनियर' ही बढती पुढच्या कंपनीत मिळालेली. एजन्सीच्या अहवालात तफावतीचा शेरा पडला, तो काढण्यासाठी त्यांना जुने रिलीव्हिंग लेटर आणि विवाहाचा दाखला पाठवावा लागला आणि रुजू होण्याची तारीख पुढे गेली. काम चांगले होते, साहेबांची इच्छाही होती. आता बोला.

इच्छा असूनही नकार द्यावा लागतो, हे तर आपल्या गावीच नाही. अनेक कंपन्यांत व्यवस्थापकाने माजी कर्मचाऱ्याविषयी मत देऊ नये, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि पद एवढेच एचआरने कळवावे, असा नियम असतो. साहेबांनी स्वतः ती कंपनी सोडली असेल, तर त्यांचा जुना ऑफिसचा ईमेल बंद झालेला असतो आणि वैयक्तिक पत्त्यावरून आलेले उत्तर पुष्कळ एजन्सीज ग्राह्य धरत नाहीत. या अडचणी फॉर्म भरण्याआधी कळाव्यात, म्हणूनच अनौपचारिकपणे विचारायचे. उदाहरणार्थ: "सर, एका कंपनीत बोलणे शेवटच्या टप्प्यात आहे. रेफरन्स म्हणून तुमचे नाव दिले तर चालेल का? कंपनीच्या नियमात बसत नसेल किंवा जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, माझ्याकडे दुसरे नाव आहे." यातले शेवटचे वाक्य गाळू नये, कारण नकाराची वाट मोकळी ठेवली नाही तर माणूस भिडेखातर होकार देतो. असा भिडेचा होकार एजन्सीच्या नेहमीच्या प्रश्नाला, म्हणजे "यांना पुन्हा कामावर घ्याल का?" याला, अडखळतो. "बघावे लागेल" हे उत्तर कागदावर नकाराच्या फारसे दूर नसते. म्हणून विचारल्यावर "बघू", "एचआरचेच नाव दे ना" असे आले, किंवा निळ्या खुणा उमटून उत्तरच आले नाही, तर तो नकार समजावा आणि पुन्हा गळ घालू नये.

स्पष्ट होकार आला, की लगेच रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखा, तेव्हाचे पद, तेव्हाचे नाव आणि नव्या कामाचे दोन ओळींत वर्णन पाठवावे. फोन साधारण कोणत्या आठवड्यात येईल तेही कळवावे, म्हणजे अनोळखी क्रमांक ते कापत नाहीत. त्या बाईंनी एवढे केले असते, तर कारखान्याच्या गोंगाटातही मी ओळख पटवली असती.

एजन्सी एचआरकडून सगळे घेते, हे आपण कुठून ऐकले ते आपणच जाणोत. एचआरच्या संगणकात तारखा आणि पद असते. डिस्पॅच अडकला असता तुम्ही काय केलेत, हे तिथे नोंदलेले नसते, आणि नव्या कंपनीचा विभागप्रमुख नेमके तेच विचारायला फोन करतो.

राहिली माझ्या नोकऱ्यांविषयीची शंका. मी नोकऱ्या बदलल्या आहेत आणि दर वेळी आधी विचारले आहे; एकदा एका साहेबांनी तोंडावर नकार दिला, तेव्हा मी दुसऱ्यांचे नाव दिले आणि ती नोकरी मला मिळाली. आपण न विचारता नावे देत असाल तर खुशाल द्या, फक्त ज्यांची देता त्यांना शेवटचा फोन कधी आला होता, हे एकदा विचारून पाहा.